गळतीचं तक्रारपत्र: रागाचा कागद कामाला लावताना

काका, नमस्कार. आम्ही ठाण्यात सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, बी-४०२. सहा महिने बेडरूमच्या भिंतीला ओल आहे. सोसायटीला द्यायचं पत्र मी लिहिलंय, पण मिस्टर म्हणतात, हे वाचून कोणी काही करणार नाही. जरा नीट मांडून द्याल का? पत्र असं आहे:

"चेअरमन साहेब, गेले कित्येक महिने आम्ही गळतीने त्रस्त आहोत आणि तुम्हाला त्याचं काही सोयरसुतक नाही. दहा वेळा सांगून झालं. प्लंबर आला, बघून गेला, म्हणाला डक्टमधला पाइप गेलाय, पुढे काही नाही. वरचे ५०२ वाले दार उघडत नाहीत, बाथरूममध्ये सतत पाणी सोडतात. मीटिंगमध्ये विषय काढला तर 'पाऊस संपला की बघू' म्हणालात. पाऊस संपून तीन महिने झाले, भिंत अजून ओलीच. दिवाळीत वरचे गावाला गेले तेव्हा जरा सुकली होती, आले आणि परत सुरू. परवा स्विचबोर्डातून ठिणग्या आल्या, उद्या कोणाला शॉक लागला तर जबाबदार कोण? पार्किंगचंही तेच, पाहुण्यांच्या गाड्या कोणाच्याही जागेवर. कमिटीला फक्त मेंटेनन्स गोळा करता येतो. आठ दिवसांत काम झालं नाही तर आम्ही मेंटेनन्स भरणार नाही आणि कोर्टात जाऊ."

पहिली ओल १४ जुलै २०२४ ला दिसली, फोटो आहे. सेक्रेटरींना व्हॉट्सॲप १७ जुलैला केला, मेल १९ ऑक्टोबरला. वार्षिक सभा २२ सप्टेंबरला झाली. ठिणग्या ११ जानेवारीला. इलेक्ट्रिशियनचे १,८५० रुपये झाले, बिल आहे. प्लंबर ऑगस्टच्या सुरुवातीला कधीतरी आला होता.

*

ताई, तुमच्या पत्रातली दोन वाक्यं सोन्यासारखी आहेत आणि ती तुम्ही मधेच कुठेतरी उरकून टाकली आहेत. पाऊस संपून तीन महिने झाले तरी भिंत ओली आहे, हे एक. आणि वरचे लोक गावाला गेले तेव्हा भिंत सुकायला लागली, हे दुसरं. 'सोयरसुतक नाही' ह्या वाक्याने कमिटीत फक्त भुवया उंचावतील. ही दोन वाक्यं मात्र कुठल्याही प्लंबरला कुठे बघायचं ते सांगतात. मला तुमच्या पत्रात नवीन काही घालायचं नाही. जे आहे तेच उचलून जागच्या जागी ठेवायचं आहे.

मी एका सोसायटीचा नऊ वर्षं सचिव होतो, आणि त्याआधी आणि नंतरही इतरांची पत्रं लिहून दिली आहेत. कमिटीच्या सभेत पत्र कसं वाचलं जातं ते आधी सांगतो, कारण सगळी मांडणी त्यावरून ठरते. रात्री साडेनऊला पाच-सात माणसं जमतात, सगळी दिवसभर कामावरून आलेली. सचिव 'आलेला पत्रव्यवहार' ह्या विषयाखाली पत्रं वाचतो. तुमचं पत्र मोठ्याने वाचायला दीड मिनिट लागेल. मग कोणीतरी विचारणार, "म्हणजे त्यांचं म्हणणं काय आहे?" ह्या प्रश्नाला सचिवाकडे एका वाक्याचं उत्तर नसलं की इतिवृत्तात लिहिलं जातं, 'बी-४०२ यांच्या पत्रावर चर्चा झाली.' संपलं. पत्र वाचून सचिवाला इतिवृत्तातला ठराव जवळजवळ तसाच उतरवता आला पाहिजे, आणि सहा महिन्यांनी तुमची भिंत कधीही न पाहिलेल्या माणसाला, समजा सहकार न्यायालयात, काय काय झालं ते त्या एका कागदावरून कळलं पाहिजे. ह्या दोन वाचकांसाठी लिहायचं. चेअरमनला दोन शब्द सुनवायचे असतील तर ते जिन्यात सुनवा, कागदावर नको.

आता काय काढून टाकायचं ते. पार्किंग काढा. विषय खरा असेल, पण त्याला वेगळं पत्र. आमच्याकडे एका सभासदाने गळती, कुत्रा आणि पार्किंग असं तिन्ही एकाच पत्रात घातलं होतं. कमिटीने पार्किंगच्या पट्ट्या रंगवल्या, 'आपल्या पत्रानुसार कार्यवाही केली आहे' असं उत्तर दिलं आणि पत्र फाइल झालं. उत्तर मी स्वतःच टाइप केलं होतं, त्यामुळे ही युक्ती मला चांगली माहीत आहे. सोपं काम करायचं आणि अवघड काम त्याच्या सावलीत झाकायचं.

मेंटेनन्स बंद करण्याची धमकी तर आधी काढा, आणि प्रत्यक्षातही तसं करू नका. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, थकबाकीवर दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, आणि वसुलीची कारवाई वेगळी. पण खरा तोटा व्याजाचा नाही. आज वाद 'गळती कोण दुरुस्त करणार' हा आहे. तुम्ही पैसे थांबवलेत की तो 'थकबाकीदार सभासद' असा होतो, आणि त्या वादात सोसायटीची बाजू भक्कम असते. हप्ता वेळेवर भरत राहा आणि पत्रात एक ओळ घाला की आजअखेर सर्व देयके भरलेली आहेत. ती ओळ शांतपणे पुष्कळ काम करते.

'दहा वेळा सांगून झालं' हेही जाईल. दहा वेळांपैकी तारखेनिशी दाखवता येतील अशा तीन वेळा आहेत, मेसेज, सभा आणि मेल, आणि त्या तीन पुरेशा आहेत.

राहिला ५०२ चा आरोप. इथे मी स्वतः एकदा सणसणीत तोंडावर पडलो आहे. सचिव असताना खालच्या सभासदाच्या तक्रारीवरून मी वरच्या सभासदाला सरळ नोटीस काढली, 'आपल्या बाथरूममधील गळतीमुळे'. त्या गृहस्थांनी बिचाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. ओल तशीच. शेवटी डक्टमध्ये माणूस उतरवला तर सहाव्या मजल्याजवळ सामायिक पाइपचा जॉइंट सुटलेला, आणि पाणी स्लॅबच्या कडेने फिरून खाली उतरत होतं. फरशीचा खर्च सोसायटीला भरून द्यावा लागला आणि तो माणूस माझ्याशी अजून बोलत नाही. तेव्हापासून माझा नियम असा की पाहणीआधी पत्रात कारण लिहायचं नाही, फक्त लक्षण लिहायचं. 'सतत पाणी सोडतात' हे तुम्ही पाहिलेलं नाही, तो अंदाज आहे. 'ते गावी असताना ओल कमी झाली' हे तुम्ही पाहिलं आहे.

तुमच्या बाबतीत हा फरक जास्तच महत्त्वाचा आहे, कारण तुमच्याकडच्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. प्लंबर म्हणाला डक्टमधला पाइप. तो सामायिक पाइप असेल तर खर्च सोसायटीचा. पण त्याच पाइपात सहाव्या आणि सातव्या मजल्याचं पाणीही येत असणार, मग नुसते ५०२ वाले गावी गेल्यावर भिंत का सुकावी? त्यावरून वाटतं की पाणी ५०२ च्या वापराचं आहे, म्हणजे त्यांच्या न्हाणीची फरशी, पाणी जाण्याच्या जाळीखालचा ट्रॅप किंवा ट्रॅपपासून डक्टपर्यंतचा तुकडा. त्यांचा नळाचा पाइप फुटला असता तर ते नसतानाही पाणी झिरपत राहिलं असतं, कारण त्यात दाब कायम असतो. अर्थात जाताना त्यांनी मेन कॉक बंद केला नसेल तर. उलट बाजूने, दहा दिवसांत भिंत पुरती सुकत नाही आणि 'जरा सुकली' हा डोळ्यांचा अंदाज आहे. म्हणून निकाल तुम्ही द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी कागदावर ठेवायच्या, स्वतःला अडचणीची वाटणारीही. एका बाजूचंच लिहिलंत तर ५०२ वाले दुसरी बाजू मांडतील आणि तुमचं सगळंच पत्र पक्षपाती ठरेल.

आता पत्राचं डोकं. विषय आणि संदर्भ यांत लोक नेहमी गल्लत करतात. विषय म्हणजे हे पत्र कशाबद्दल आहे आणि काय हवं आहे, एका वाक्यात, सदनिका क्रमांकासकट. 'गळतीबाबत' एवढंच लिहिलं तर वर्षाला अशी चाळीस पत्रं येतात, तुमचं त्यातलं कुठलं ते कळत नाही. संदर्भ म्हणजे ह्या आधी ह्याच बाबतीत काय लेखी घडलं त्याची यादी, तारखेच्या क्रमाने. फोनवरचं बोलणं, जिन्यातली भेट संदर्भात येत नाही. ती घटनाक्रमात येईल. व्हॉट्सॲप संदेश येऊ शकतो, पण कोणाला पाठवला ते लिहायचं. ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे सोसायटीला दिलेली तक्रार नव्हे. तुम्ही सचिवांना वैयक्तिक पाठवलात हे फार बरं झालं. संदर्भाला क्रमांक दिले की खाली फक्त 'संदर्भ १' म्हटलं तरी भागतं, आणि पत्र निम्म्याने आटोपतं. आधी काहीच लेखी नसेल तर संदर्भाची ओळ गाळा. उगाच भरून काढू नका.

सभेचा संदर्भ देताना जरा जपून. २२ सप्टेंबरच्या सभेत तुम्ही बोललात, पण ते इतिवृत्तात आलं आहे का? इतिवृत्ताची प्रत मागून बघा. सभासदाला लेखी अर्ज करून आणि फी भरून प्रत मागण्याचा हक्क आहे. नोंद असेल तर 'संदर्भ'. नसेल तर फक्त घटनाक्रमात, 'तोंडी मांडले' असं. खालच्या मसुद्यात मी नोंद नाही असं धरून चाललो आहे.

संदर्भात उपविधीचा क्रमांक घालण्याचा मोह होईल. घाला, पण इंटरनेटवरून उचलून नाही. आदर्श उपविधी वेळोवेळी बदलले, २००९ चे वेगळे, २०१४ चे वेगळे, आणि कलमांचे क्रमांक मागेपुढे झाले. तुमच्या सोसायटीने कोणते स्वीकारून नोंदवून घेतले आहेत ते महत्त्वाचं. सचिवांकडून पुस्तिका मागा, त्यातला 'मालमत्तेची दुरुस्ती आणि देखभाल' हा भाग काढा. तिथे सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी असते, त्यात पावसाच्या पाण्याची आणि सामायिक पाइप व ड्रेनेजमुळे होणारी गळती असते. जे त्या यादीत नाही ते सभासदाच्या खर्चाने. त्याच यादीत गच्चीतून गळून वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर ते सोसायटीने करून द्यायचं, असंही आहे. नेटवरच्या तयार पत्रांत ही ओळ हमखास असते, आणि चौथ्या मजल्यावरचे लोक ती जशीच्या तशी उतरवतात. ती सर्वांत वरच्या मजल्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. चुकीचं कलम लिहिलंत की कमिटीतला एखादा हुशार माणूस तेवढंच पकडून बसतो.

घटनाक्रमाची पद्धत साधी आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, काय घडलं, आणि ते कशावरून दाखवता येईल. विशेषणं नाहीत. दुसऱ्याने सांगितलेलं असेल तर 'त्यांनी तोंडी सांगितले' असं स्पष्ट. तारीख नक्की आठवत नसेल तर खोटी तारीख टाकू नका. 'ऑगस्टचा पहिला आठवडा' असं लिहिलेलं चालतं, आणि उलट त्यामुळे बाकीच्या तारखांवरचा विश्वास वाढतो. पण आधी शोधून तर बघा: प्लंबर आला असेल तर गेटवरच्या रजिस्टरमध्ये नोंद असेल. मी अशा तीन तारखा वॉचमनच्या वहीतून काढल्या आहेत. फोटोची तारीख मोबाईलमधल्या मूळ फोटोच्या तपशिलात दिसते. व्हॉट्सॲपवरून परत उतरवलेल्या फोटोत ती बहुधा बदललेली असते, तेव्हा मूळ फोटो पुसू नका.

आणि मागणी. 'आठ दिवसांत काम करा' ही मागणी ऐकायला कडक, पण कमिटीला ती मान्यच करता येत नाही, गळती कशाने होते हेच माहीत नसताना कुठलं काम करायचं? कमिटीच्या हातात जे आहे तेच मागायचं: पाहणी, लेखी अहवाल, आणि त्यावर निर्णय. पाहणीच्या वेळी तुम्ही, ५०२ आणि कमिटीचा एक माणूस, तिघं हजर असले पाहिजेत, नाहीतर अहवाल आला की एकजण म्हणणार 'मला माहीतच नाही'. ५०२ वाले तुम्हाला दार उघडत नाहीत, ठीक. सोसायटीने लेखी कळवून वेळ ठरवली तर त्यांना टाळणं जड जातं. बहुतेक भांडणांत मी पाहिलंय, शेजाऱ्याला शेजाऱ्यापेक्षा लेटरहेड लवकर पटतं.

पाहणीत काय करायचं तेही मागणीत घाला, नाहीतर येणारा टॉर्च मारून परत जाईल. ५०२ च्या न्हाणीच्या फरशीवर, ट्रॅप बंद करून, रंग मिसळलेलं पाणी किमान २४ तास साठवून ठेवायचं. तुमच्याकडे रंगीत ओल उतरली तर फरशी झिरपते. उतरली नाही तर ट्रॅप उघडून तेच पाणी सोडायचं. आता रंग दिसला तर दोष ट्रॅप किंवा पुढच्या पाइपात. दोन्हीत काही नाही तर डक्टमध्ये माणूस उतरवून उभा पाइप बघायचा. पाणी उतरायला कधी कधी दोन-तीन दिवस लागतात, म्हणून पाहणी एका दिवसात संपली असं समजू नका.

मसुदा असा. कंसात रिकाम्या जागा तुम्ही भरायच्या.

दिनांक: २० जानेवारी २०२५

प्रति,
मा. सचिव,
(सोसायटीचे नोंदणीकृत नाव व पत्ता)

प्रेषक: (नाव), सदनिका बी-४०२

विषय: सदनिका बी-४०२ मधील बेडरूमच्या भिंतीतील गळतीची संयुक्त पाहणी करून लेखी अहवाल व दुरुस्तीचा निर्णय मिळणेबाबत.

संदर्भ:
१) सचिवांना पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश व फोटो, दि. १७ जुलै २०२४
२) संस्थेच्या ईमेलवर पाठवलेली तक्रार, दि. १९ ऑक्टोबर २०२४
३) संस्थेचे नोंदणीकृत उपविधी, क्र. (पुस्तिकेतून पाहून)

महोदय,

माझ्या सदनिकेत बाथरूमलगतच्या बेडरूमच्या भिंतीवर जुलै २०२४ पासून ओल आहे. ती पावसाळा संपल्यानंतरही कायम असून आता विजेच्या जोडणीपर्यंत पोहोचली आहे. घटनाक्रम पुढीलप्रमाणे:

१४ जुलै २०२४: भिंतीवर ओल प्रथम दिसली (फोटो १).
१७ जुलै २०२४: सचिवांना संदेश व फोटो पाठवला (संदर्भ १).
ऑगस्ट २०२४, पहिला आठवडा: संस्थेतर्फे प्लंबरने पाहणी केली. डक्टमधील पाइप नादुरुस्त असल्याचे त्यांनी तोंडी सांगितले. लेखी अहवाल मिळालेला नाही.
२२ सप्टेंबर २०२४: वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय तोंडी मांडला. पावसाळ्यानंतर पाहू, असे सांगण्यात आले.
१९ ऑक्टोबर २०२४: ईमेलने लेखी तक्रार केली (संदर्भ २). आजपर्यंत उत्तर नाही.
ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा २०२४: दिवाळीनिमित्त सदनिका बी-५०२ बंद असताना ओल कमी झाल्याचे दिसले, त्यांच्या परतीनंतर ती पुन्हा वाढली.
११ जानेवारी २०२५: त्याच भिंतीवरील स्विचबोर्डातून ठिणग्या आल्या. इलेक्ट्रिशियनकडून जोडणी बंद करून घेतली. खर्च रु. १,८५० (बिल).

वरील नोंदींवरून गळती सामायिक पाइपमधून आहे की बी-५०२ च्या अंतर्गत भागातून, हे मला निश्चित सांगता येत नाही. ते तांत्रिक पाहणीशिवाय ठरणार नाही. म्हणून विनंती:

१) हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत बी-४०२, बी-५०२ व डक्ट यांची संयुक्त पाहणी ठेवावी, दोन्ही सदनिकाधारकांना वेळ लेखी कळवावी. पाहणीत बी-५०२ च्या बाथरूममध्ये रंगीत पाण्याची चाचणी व डक्टमधील उभ्या पाइपची तपासणी व्हावी.
२) गळतीची नेमकी जागा नमूद केलेला लेखी अहवाल तिन्ही पक्षांना द्यावा.
३) दोष सामायिक भागात असल्यास संस्थेने स्वखर्चाने दुरुस्ती करावी, अंतर्गत भागात असल्यास संबंधित सभासदास मुदत देऊन लेखी सूचना द्यावी.
४) हे पत्र व्यवस्थापक समितीच्या लगतच्या सभेपुढे ठेवून निर्णय मला लेखी कळवावा.

भिंत व वीजजोडणीच्या नुकसानीबाबत, गळतीचे कारण निश्चित झाल्यावर स्वतंत्र पत्र देईन. पाहणीसाठी माझी सदनिका (दिवस व वेळ) उपलब्ध आहे. माझ्याकडील संस्थेची सर्व देयके आजअखेर भरलेली आहेत.

आपली विश्वासू,
(सही, नाव)

सोबत: फोटो (तारखेसह), संदेश व ईमेलच्या प्रती, इलेक्ट्रिशियनचे बिल.

एवढंच. 'शॉक लागला तर जबाबदार कोण' हा प्रश्न गेला, पण ११ जानेवारीची नोंद तोच प्रश्न विचारते, आणि बिलासकट विचारते. ते बिल मात्र आत्ता मागायचं नाही. कारण ठरण्याआधी पैसे मागितले की सभेत पैशावरच चर्चा होते आणि पाहणी बाजूला राहते. ज्याचा दोष ठरेल त्याच्याकडे मागणी करायचं दार उघडं राहील, म्हणून ती एक ओळ ठेवली आहे.

कोर्टाचं वाक्य मी मुद्दाम काढलं. संदर्भ आणि तारखा नीट असलेलं पत्र बघूनच जुन्या सचिवाला कळतं की हा कागद पुढे जाऊ शकतो. उपविधींप्रमाणे तक्रार लगतच्या समिती सभेत घेऊन नंतर १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. चौथी मागणी त्याला धरूनच आहे.

पत्र दोन प्रतींत न्या. एकीवर सोसायटीचा शिक्का, घेणाऱ्याची सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. वॉचमनची सही म्हणजे पोच नव्हे. सचिव 'ठेवून जा, बघतो' म्हणाले आणि सही टाळली तर वाद घालू नका. तेच पत्र सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा, आणि पोस्टाची पावती पत्राच्या प्रतीलाच टाचून ठेवा. ५०२ ला प्रत द्यायची का? मी तरी देतो, 'प्रत माहितीसाठी' म्हणून. पत्रात त्यांच्यावर आरोप नाही, मग लपवायचं कशाला.

उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र. त्यात नवा मजकूर लिहीत बसू नका. संदर्भात '४) माझे दि. २० जानेवारी २०२५ चे पत्र, आवक क्र. अमुक' एवढी भर, घटनाक्रमात त्यानंतर काय झालं त्याच्या एक-दोन ओळी, आणि मागण्या त्याच, त्याच क्रमांकांनी. मागणी बदलली की उत्तर न देणाऱ्याला नवं निमित्त मिळतं. त्यानंतरही हालचाल नसेल तर उपनिबंधक कार्यालयात खेटे घालू नका. लोक आधी तिथेच जातात आणि काही महिन्यांनी 'हा विषय आमच्याकडे नाही' हे ऐकून परततात. दुरुस्ती आणि गळतीचा सभासद-सोसायटी वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. तिथे वकील पहिल्यांदा तुमच्याकडे तारीखवार यादीच मागेल; ती तयारच असेल.

अहवाल हातात आला की एक गोष्ट बघा. त्यात 'बाथरूममधून गळती' असं मोघम लिहिलं असेल तर तिथेच परत पाठवा. ट्रॅपच्या आत, ट्रॅपपासून डक्टपर्यंतच्या आडव्या तुकड्यात, की डक्टमधल्या उभ्या पाइपवर, हे लिहून घ्या. खर्च कोणाचा हे त्या हातभर अंतरावर ठरतं, आणि आडव्या तुकड्यावर तर दोघंही म्हणतात 'हा आमचा नाही'. तसं झालं तर मला अहवालाची प्रत पाठवा, त्याचं पत्र वेगळं लिहावं लागेल. आणि तोवर त्या स्विचबोर्डाची जोडणी सुरू करू नका, भिंत वरून कोरडी दिसली तरी.